पत्ता उजवीकडून वाचायचा

काका, मी कऱ्हाडला पोळीभाजी केंद्र चालवते. महिन्याभरात बँकेच्या नावानं दोन मेसेज आले. पहिल्यात होतं की केवायसीची मुदत संपत आली आहे, शाखेत या. भाषा इतकी विचित्र की मला तो खोटा वाटला, पुसून टाकला. दुसरा शनिवारी संध्याकाळी आला. त्यात माझं पूर्ण नाव, मराठी अगदी शुद्ध, आणि रात्री बारापर्यंत पॅन जोडलं नाही तर खातं बंद. मी लिंक उघडली, बँकेचंच पान दिसलं. पासवर्ड टाकणार तेवढ्यात भाजीवाला आला म्हणून राहिलं. सोमवारी शाखेत कळलं, पहिला खरा आणि दुसरा खोटा! मुलगा म्हणतो, ‘आई, बँकेचा एकही मेसेज उघडत जाऊ नकोस.’ पण पैसे आले-गेले हे मला मेसेजवरूनच कळतं. पहिल्याचा फोटो मी मैत्रिणीला पाठवला होता, तो सापडला. दोन्ही पाठवते. मी नेमकी कुठे चुकले? आणि नुसती लिंक उघडल्यानं काही झालं असेल का?

— एक वाचक, कऱ्हाड

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. पान उघडलं, पण त्यात काही टाइप केलं नाही आणि फोनमध्ये काही उतरवून घेतलं नाही, तर पैशाला धोका जवळजवळ नाही. एवढंच झालं असेल की हा नंबर चालू आहे आणि या नंबराचं माणूस लिंक उघडतं, हे समोरच्याला कळलं. असे मेसेज तुम्हाला आता जरा जास्त येतील, त्याची तयारी ठेवा.

दोन गोष्टी मात्र आजच बघून घ्या. फोनमधलं ‘डाउनलोड्स’ उघडा आणि शेवटी `.apk` असलेली, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, एखादी फाइल त्या शनिवारी आली आहे का ते पाहा. असली तर तिला हात न लावता, म्हणजे न उघडता, काढून टाका. दुसरी गोष्ट, अशा पानावर पासवर्डच्या वर बहुतेक यूजर आयडीचाही रकाना असतो. तो भरला होता का ते आठवा. भरला असेल तर ‘पुढे जा’ दाबलं नव्हतं म्हणून निर्धास्त राहू नका. अशा पानांवर जे अक्षर टाइप कराल ते बटण दाबायच्या आधीच पलीकडे पोहोचवण्याची सोय करता येते. मग खऱ्या ॲपमध्ये जाऊन पासवर्ड बदलून टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

आता चुकलात कुठे. तुम्ही मेसेजचा चेहरा पाहिलात. ताई, यात तुम्ही एकट्या नाही. बँकेत चौतीस वर्षं काढलेला मी, निवृत्तीनंतर दाताच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलो होतो. मेसेज आला, कार्डावरचे पॉइंट आज रात्री संपणार, त्याचे पैसे करून घ्या. लिंक उघडली, कार्डाचे सोळाच्या सोळा आकडे भरले. मागचे तीन आकडे टाकायला कार्ड उलटं केलं तर ते झिजलेले, आणि वाचायचा चष्मा घरी. आत नंबर लागला तोवर डोकं ठिकाणावर आलं होतं. कार्ड बंद करून नवं मागवलं आणि बायकोला महिनाभर काही सांगितलं नाही. तुम्हाला भाजीवाल्यानं वाचवलं, मला चष्म्यानं.

तर चेहरा. पूर्वी आम्हीच लोकांना सांगायचो की शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या की मेसेज खोटा समजा. तो सल्ला आता कुचकामी झालाय, किंबहुना उलटा पडतो. बँकेला मनाला येईल तसा मेसेज पाठवताच येत नाही. दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार मेसेजचा मसुदा आधी मोबाइल कंपन्यांकडे नोंदवावा लागतो. त्यात नाव, तारीख, खात्याचे शेवटचे आकडे एवढ्यापुरत्या रिकाम्या जागा सोडलेल्या असतात. त्या जागा संगणक भरतो. म्हणून खरा मेसेज तुमच्या पहिल्या फोटोसारखा असतो: ‘आपल्या खाते क्र. XX४४१७ ची केवायसी अद्ययावत करणे दि. अमुक रोजी देय आहे.’ रुक्ष, सरकारी पाटीसारखा आणि भाषांतर केल्यासारखा. कारण तो तसाच झालेला असतो. ऑक्टोबर २०२४ पासून तर मेसेजमधली लिंकसुद्धा आधी नोंदवलेली असावी लागते, नाहीतर कंपनीनं तो मेसेज अडवायचा असतो. चोराला यातलं काहीच बंधन नाही. तो गोड, शुद्ध, घरच्यासारखं मराठी लिहू शकतो, आणि हल्ली लिहितोही.

आणि तुमचं पूर्ण नाव? ते त्याला कुठून मिळालं याचा विचार करून तुम्ही घाबरला असाल. एक प्रयोग करा. मुलाला त्याच्या फोनवरच्या कुठल्याही यूपीआय ॲपमध्ये तुमचा मोबाइल नंबर टाकायला सांगा. पैसे पाठवायच्या आधीच बँकेत नोंदलेलं तुमचं नाव समोर येईल. ही सोय आहे. पैसे चुकीच्या माणसाला जाऊ नयेत म्हणून ती दिली आहे. पण तुमच्या केंद्राच्या पाटीवर ऑर्डरसाठी नंबर लिहिलेला असणारच. तो पाटीवरून उचलायचा, ॲपमध्ये टाकायचा, नाव मिळवायचं. दहा सेकंदांचं काम. राहिलं बँकेचं नाव, तर एखादी मोठी बँक धरायची आणि तेच मेसेज हजारो नंबरांना सोडायचे. त्यातल्या बऱ्याच जणांचं खातं त्याच बँकेत निघतं. तेव्हा मेसेजमध्ये नाव बरोबर असणं हा कसलाच पुरावा नाही.

मग पुरावा कशात शोधायचा? मी तीन जागा बघतो. मेसेज कुणाकडून आला, तो कुठे पाठवतोय, आणि काय मागतोय. यातली मधली सगळ्यात भरवशाची, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घेणार आहे.

पहिल्या जागेचं आधी उरकतो. तुमच्या खऱ्या मेसेजच्या डोक्यावर साधारण असं काही आहे (बँकेचं नाव इथे छापत नाही, नमुना देतो):

```
VM-ABCBNK-S
```

सुरुवातीची दोन अक्षरं मोबाइल कंपनी आणि मेसेज जिथून सुटला तो विभाग सांगतात, त्यांच्याशी तुम्हाला कर्तव्य नाही. मधली अक्षरं म्हणजे बँकेनं नोंदवलेलं नाव. शेवटचं अक्षर २०२५ पासून आलं आहे: `S` म्हणजे सेवेचा मेसेज, `T` म्हणजे व्यवहाराचा, `P` जाहिरातीचा, `G` सरकारी. दुसऱ्या फोटोत या जागी काय आहे? सरळ दहा आकडी मोबाइल नंबर. तिथेच विषय संपला. बँक खातं बंद करण्याची सूचना दहा आकडी नंबरावरून पाठवत नाही.

मात्र याचं उलट धरू नका. नाव बरोबर दिसलं म्हणजे मेसेज खराच, असं नाही. पिशवीत मावेल एवढं यंत्र घेऊन गाडीतून फिरणारे लोक पकडले गेले आहेत. ते यंत्र जवळपासच्या फोनांना आपणच मोबाइलचा टॉवर आहोत असं भासवतं आणि हव्या त्या नावानं मेसेज सोडतं. तुमचा फोन बिचारा नावावरून मेसेजांची वर्गवारी करतो, त्यामुळे तो खोटा मेसेज बँकेच्या जुन्या खऱ्या मेसेजांच्याच रांगेत जाऊन बसतो. वर परवाचा पैसे जमा झाल्याचा खरा मेसेज, खाली हा. कुणीही फसेल. म्हणून वरची ओळ ही चाळणी समजा. खडे निघतात, पण उरलं ते सगळं तांदूळच असेल याची खात्री ती देत नाही. व्हॉट्सॲपवर तर बँकेचं बोधचिन्ह फोटो म्हणून कुणीही लावू शकतं.

आपल्याकडे एक अडचण आणखी आहे. छोट्या नागरी सहकारी बँकेतला साहेब किंवा शिपाई स्वतःच्या मोबाइलवरून ‘काकू, सही राहिलीय, येऊन जा’ असा मेसेज खरंच पाठवतो. त्यात वाईट काही नाही. तो तुम्हाला शाखेत बोलावतोय, निळ्या अक्षरांवर बोट ठेवायला सांगत नाही.

आता निळी अक्षरं. तुमच्या बँकेच्या नावाऐवजी `tumchibank` असं धरू. खाली तीन पत्ते आहेत. पहिला खऱ्या प्रकारचा आहे, उरलेले दोन चोर वापरतात तसे मी बनवलेत. ते फक्त वाचा, उघडू नका.

```
https://tumchibank.bank.in/kyc
https://tumchibank.bank.in.kyc-seva.top/login
https://tumchibank-bank-in.com/kyc
```

घाईत पाहिलं तर तिन्ही एकाच घरचे वाटतात. तुमच्या फोटोतला पत्ता दुसऱ्या जातीचा आहे आणि तीच जात जास्त फसवी, कारण सुरुवातीला बँकेचा पत्ता जसाच्या तसा लिहिलेला असतो.

पोस्टाचा पत्ता आपण कसा लिहितो? आधी घराचं नाव, मग आळी, मग गाव, तालुका, जिल्हा. लहानाकडून मोठ्याकडे. पोस्ट खातं मात्र पत्र पाठवताना शेवटून वाचतं, आधी जिल्हा, मग गाव. इंटरनेटचा पत्ताही तसाच असतो, डावीकडे घर आणि उजवीकडे जिल्हा. आता एखाद्यानं आपल्या वाडीतल्या पत्र्याच्या खोलीवर ‘मंत्रालय, मुंबई’ अशी पाटी रंगवली तर त्याला कोण अडवणार? खोली त्याची, रंग त्याचा. पण खाली मु. पो. अमुकवाडी लिहिलेलं असतंच, आणि पत्र जातं ते तिथेच.

तर असं करा. सुरुवातीचं `https://` सोडून द्या. मग पुढे पहिली तिरकी रेघ `/` कुठे येते ते शोधा. त्या रेघेच्या उजवीकडचं सगळं विसरा. घरात शिरल्यावरच्या खोल्या त्या. आता रेघेपासून डावीकडे, म्हणजे उलटं, टिंबाटिंबानं वाचत या. दुसऱ्या पत्त्यात रेघेच्या आधी काय आहे? `top`. त्याच्या आधी? `kyc-seva`. झालं. मालक सापडला. हा पत्ता `kyc-seva.top` नावाच्या कुणाचा तरी आहे. त्याच्या डावीकडे त्यानं `tumchibank.bank.in` लिहिलं काय किंवा `mantralaya` लिहिलं काय, ती त्याच्या खोलीवरची पाटी. त्यासाठी त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

तिसऱ्या पत्त्यात रेघेच्या आधी `com` आणि त्याच्या आधी `tumchibank-bank-in`. इथे टिंबांच्या जागी आडव्या रेघा आहेत. आडवी रेघ म्हणजे नावातलंच एक अक्षर, तिनं पत्त्याचे भाग पडत नाहीत. भाग पडतात ते फक्त टिंबानं. तेव्हा `bank-in` आणि `bank.in` यांत दिसण्यातल्या सारखेपणापलीकडे काही संबंध नाही.

पहिल्यात मात्र रेघेच्या लगेच आधी `bank.in` आहे. हे शेपूट महत्त्वाचं. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं की भारतातल्या बँकांचे पत्ते यापुढे याच शेपटाचे असतील, आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली. हे शेपूट बाजारात विकत मिळत नाही. `.com` किंवा `.top` कुणीही शेपाचशे रुपयांत घेऊ शकतो. `.bank.in` फक्त हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था देते, आणि तीही फक्त बँकांना. म्हणून आता एवढं लक्षात ठेवून भागतं: पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी `.bank.in` आणि त्याच्या आधी तुमच्या बँकेचं नाव. मध्ये काही नको, नंतर काही नको.

काही फोनांवर वरच्या पट्टीत पत्ता अर्धाच दिसतो. पट्टीवर बोट ठेवलं की पूर्ण उलगडतो. आणि पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्रावर जाऊ नका. तुमच्या फोनपासून त्या पानापर्यंतचं बोलणं मध्ये कुणी ऐकत नाही, एवढाच त्या कुलपाचा अर्थ. पलीकडे बसलेला माणूस कोण, हे कुलूप सांगत नाही. चोरही ते लावतो, आणि ते फुकट मिळतं.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगतो, नाहीतर उद्या मला शिव्या द्याल. खऱ्या बँकाही जागा वाचवायला कधी कधी आखूड केलेली लिंक पाठवतात. पाच-सहा अक्षरांचं काहीतरी असतं, त्यावरून मूळ पत्ता कळत नाही. ही बँकांची वाईट खोड आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ग्राहकाला ‘लिंक उघडू नका’ असं बजावायचं आणि दुसऱ्या दिवशी आपणच तशी लिंक पाठवायची! अशी लिंक खरी की खोटी हे ठरवण्यात वेळ घालवू नका. ती सोडून द्या आणि बँकेचं ॲप स्वतः उघडून बघा. तसं काही काम खरंच असेल तर बहुतेक तिथे दिसतं, नाहीतर शाखेत विचारा. दुसरं, तुमचं भिशीचं किंवा ठेवीचं खातं पतसंस्थेत असेल तर पतसंस्था ही बँक नव्हे, तिला हे शेपूट मिळत नाही. तिचा पत्ता पासबुकावर छापलेला असेल तोच धरा. आणि परदेशात राहणाऱ्या वाचकांच्या तिकडच्या बँकांनाही हा नियम लागू नाही.

तिसरी जागा, मेसेज मागतोय काय. इथे मला तुमच्या दुसऱ्या मेसेजातल्या ‘रात्री बारा’वर बोट ठेवायचंय. पॅन जोडणं केवायसीतच येतं, आणि केवायसी नूतनीकरण ही खरी गोष्ट आहे. ग्राहकाच्या जोखमीच्या वर्गाप्रमाणे दोन, आठ किंवा दहा वर्षांनी ते करावं लागतं. तुमच्या-माझ्यासारखी बहुतेक साधी खाती दहा वर्षांच्या गटात बसतात. चोर नेहमी अशी अर्धी खरी गोष्ट उचलतो. पण रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय की मुदत संपायच्या आधी किमान तीन सूचना द्यायच्या, त्यातली एक तरी कागदी पत्रानं. मुदत उलटून गेल्यावरही पुन्हा किमान तीन स्मरणपत्रं, त्यातलंही एक पत्रानं. ज्या बँकेला कायद्यानं इतक्या वेळा दार वाजवायचंय ती शनिवारी संध्याकाळी उगवून रात्री बाराची मुदत कशी देईल?

शनिवार संध्याकाळही उगाच नाही. शाखा बंद, रविवारही बंद. विचारायला कुणी नसतं त्या वेळी घाई लावायची. महिन्याचा दुसरा-चौथा शनिवार असेल तर आणखी सोयीचं. दिवाळीच्या सुट्ट्यांत काय होतं ते आम्ही बँकेतली माणसं सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी काउंटरवर रडणाऱ्या लोकांवरून ओळखायचो.

आणि केवायसीसाठी लागतं काय? ओळखीचा कागद, पत्त्याचा कागद, फोटो. पासवर्ड आणि पिन यांचा त्या कागदांशी काडीचा संबंध नाही. मेसेज केवायसीचा आणि पान पासवर्डाचं, ही जोडीच चुकीची आहे. लग्नाची पत्रिका हातात देऊन कुणी घराची किल्ली मागावी, तसं.

भाजीवाला आला नसता तर पुढे काय झालं असतं, ते सांगतो, कारण त्यात एक जागा अशी आहे जिथे शेवटच्या क्षणीही सुटता येतं. तुम्ही पासवर्ड टाकला असता. तो पलीकडच्या माणसाला दिसला असता आणि त्यानं तो त्याच मिनिटाला बँकेच्या खऱ्या साइटवर टाकला असता. इकडे तुमच्या पानावर ‘कृपया थांबा’ असं गोल फिरत राहिलं असतं. मग त्यानं तुमच्या खात्यातून पैसे पाठवायला आपला एक माणूस जोडायला घेतला असता, आणि बँकेनं तुम्हाला ओटीपी पाठवला असता. हा ओटीपी खरा, खुद्द बँकेचा. लगेच त्या खोट्या पानावर रकाना आला असता, ‘पॅन जोडणीसाठी ओटीपी टाका’. आणि आपण काय करतो? ओटीपीचा मेसेज वाचतच नाही. सहा आकडे उचलतो आणि चिकटवतो. फोन तर हल्ली आकडे आपणहून वर काढून देतो, मेसेज उघडायचीही गरज नाही. पण त्याच मेसेजात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, हा ओटीपी नवा लाभार्थी जोडण्यासाठी आहे, किंवा अमुक रुपये अमुक ठिकाणी देण्यासाठी आहे. त्या सगळ्या नाटकात खरं बोलणारं ते एकच वाक्य असतं. पॅन जोडतोय आणि मेसेजात ‘लाभार्थी’ किंवा ‘रु. ४९,०००’ असं दिसलं, की तिथेच हात काढून घ्यायचा. आकडे दिलेच नाहीत तर निम्म्याहून अधिक काम झालेलं असूनही तो अडकतो.

ही युक्ती एका प्रकारात मात्र चालत नाही. तो प्रकार म्हणजे व्हॉट्सॲपवर येणारी बँकेच्या नावाची `.apk` फाइल. ‘केवायसी अपडेट’, ‘रिवॉर्ड’, असं काहीतरी नाव असतं, आणि पुष्कळदा ती एखाद्या ओळखीच्या माणसाच्या नंबरावरून किंवा सोसायटीच्या ग्रुपवर येते, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. ती फाइल म्हणजे आख्खं ॲप. उघडलं की फोन आधी विचारतो, अनोळखी ठिकाणचं ॲप घ्यायचं का; मग ॲप विचारतं, मेसेज वाचू का. दोन्हीला ‘हो’ म्हटलं की पुढे ओटीपी तुम्हाला विचारायची गरजच उरत नाही. तो आला की ॲपच तो वाचून पुढे पाठवतं. बँकेचं ॲप फोनच्या अधिकृत दुकानातून घ्यायचं, चॅटमधून आलेलं कधीच नाही. चुकून घातलं गेलंच, तर फोन विमान-मोडवर टाका, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवा, आणि नंतर फोन जाणकाराकडून साफ करून घ्या. नुसतं ॲप काढून भागेलच असं नाही.

आता तुमच्या चिरंजीवांचा सल्ला. पोरगं काळजीनं बोललंय, पण ते ऐकू नका. पैसे गेल्याचा मेसेज हाच तुमचा चोरघंटा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाचा गाभा असा की ग्राहकानं स्वतः पासवर्ड-ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे पैसे गेल्याचा मेसेज आठ वाजता आला आणि तुम्ही तो दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिला, तर मधल्या वेळात जे गेलं ते तुमच्याच माथी. त्याला सांगा की मी मेसेज सगळे वाचणार, फक्त निळ्या अक्षरांना बोट लावणार नाही. त्यानंही ते करावं. तरुण मुलं यात कमी फसत नाहीत, कबूल कमी करतात इतकंच.

बँकेशी बोलायचं असेल तर नंबर घ्यायचा तो डेबिट कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून. मेसेजात दिलेला नाही, आणि गूगलवर शोधून पहिला आलेला तर मुळीच नाही. ‘कस्टमर केअर’ शोधणाऱ्यांसाठी चोरांनी तिथेही सापळे लावून ठेवलेले असतात.

पैसे गेलेच तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारींचा सरकारी नंबर लावायचा, आणि तो बँकेच्याही आधी लावला तरी चालेल. चोर आलेले पैसे एका खात्यात ठेवत नाही. काही मिनिटांत ते दोन-तीन खात्यांतून फिरवून कुठेतरी एटीएममधून काढतो. १९३० वर तक्रार नोंदली की ती पैसे जिथे पोहोचलेत त्या बँकांकडे जाते आणि अजून काढले न गेलेले पैसे तिथे अडवता येतात. म्हणून तिथे मिनिटांना किंमत आहे. `cybercrime.gov.in` वरही तक्रार करता येते. आणि तुमच्यासारखं, पैसे गेले नाहीत पण खोटा मेसेज आलाय, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी, म्हणजे `sancharsaathi.gov.in`, या साइटवर ‘चक्षू’ नावाचा भाग आहे, तिथे कळवायचा. दुसऱ्या मेसेजचा फोटो तुमच्याकडे आहे, तो घेऊन आजच कळवा आणि तोवर मेसेज पुसू नका.

राहता राहिली तुमची खरी केवायसी. पहिला मेसेज पुसला म्हणून काही बिघडलेलं नाही. वीजबिलांच्या आणि किराणा याद्यांच्या गठ्ठ्यात बँकेचं एखादं पत्र पडलंय का ते चाळून बघा. पत्ता बदलला नसेल तर ‘माहितीत काही बदल नाही’ एवढं लिहून सही दिली तरी चालतं. बदलला असेल तर आधार आणि पॅनच्या झेरॉक्स घेऊन जा, मूळ कागदही जवळ ठेवा. दुपारच्या डब्यांची घाई संपली की तीनच्या सुमाराला जा. त्या वेळी काउंटरला गर्दी कमी असते.